४८ लाखांची ओळ खोडा, ३५ लाखांची लिहा

प्रश्न: बीएस्सी अ‍ॅग्री झालोय, सिंधुदुर्गात अडीच वर्षं कीटकनाशक-बुरशीनाशक कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. गोव्यातल्या डिचोली-सत्तरी भागासाठी ग्रामीण विक्रीची जागा निघाली आहे. जाहिरातीत ‘काजू-सुपारी पिकांची माहिती, शेतकरी संपर्क, डीलर जाळं आणि वसुली’ असं मागितलंय. माझ्या रेझ्युमेत ‘विक्री ३२ लाखांवरून ४८ लाख, १४ नवे डीलर, ४० सभा, २५०० शेतकरी’ असं आहे. एवढं पुरेल का? आणि एक पान ठेवू की दोन?

उत्तर:

नाही पुरणार. तुमचे आकडे कमी आहेत म्हणून नव्हे, ते सुटे सुटे आहेत म्हणून. पीक, शेतकरी आणि डीलर हे तुम्ही तीन रकान्यांत मांडलंय. विक्रीचा माणूस ते एकाच दोरीने ओढून बघतो. पिकाची अवस्था कधी, त्याआधी सभा कधी झाली, त्याआधी माल दुकानात कधी पोहोचला आणि शेवटी दुकानातून किती उठला. दोरी मध्ये कुठे तुटली की उरलेले आकडे कितीही मोठे असोत, कुणी मनावर घेत नाही.

सत्तरीत ती दोरी सुपारीच्या कोळेरोगावर तपासली जाईल, हे धरून चाला. बोर्डो मिश्रण कसं करायचं ते तुम्हाला कॉलेजात शिकवलंय. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, झालं की लोखंडी पातं बुडवायचं आणि पात्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवायचा. हे रेझ्युमेत लिहायची गरज नाही. लिहायचं ते वेळेचं. पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी, म्हणजे मेच्या अखेरीस, आणि दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी जुलैमधली उघडीप साधून. पाऊस लांबला तर तिसरी. कुळागरवाल्याच्या, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागेच्या मालकाच्या, मनात औषध हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न म्हणजे सुपारीवर चढून फवारणारा माणूस मिळतो का. त्या माणसाची तारीख एकदा ठरली की त्या दिवशी मोरचूद आणि चुना घरात हवा, कारण बोर्डो त्या दिवशीच करून त्या दिवशीच संपवायचं असतं. म्हणून माल दुकानात मेच्या मध्यापर्यंत हवा आणि सभा त्याच्याही आधी.

आता ‘कोळेरोगासाठी जुलैमध्ये मोहीम, ३०० शेतकरी सहभागी’ अशी ओळ एखाद्याने लिहिली, तर वाचणाऱ्याला काय कळतं? याने पहिली फवारणी हुकवली. जुलैत ज्याच्या बागेत फळगळ सुरू झालीय तो माणूस सभेला येतो खरा, पण औषध घ्यायला नव्हे, तक्रार करायला येतो. तीनशे हा आकडा खरा असला तरी त्याला विक्रीच्या दृष्टीने अर्थ नाही.

काजूचंही तसंच. ढेकण्या या किडीसाठी पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन अवस्था धरून फवारण्या होतात. तुमच्या कंपनीचं कोणतं उत्पादन काजूसाठी लेबलवर नोंदलेलं आहे, हे माहीत असणं हेच तुमचं काजूचं ज्ञान. आंब्यावर चालतं म्हणून काजूवर सांगून टाकणारा फील्ड ऑफिसर कंपनीला अडचणीत आणतो. ‘सर्व पिकांचे सखोल ज्ञान’ ही ओळ तर काढूनच टाका. तुमच्या सध्याच्या कामात हापूसचं वेळापत्रक वर असणार, सिंधुदुर्गात ते बरोबरच आहे. पण सत्तरीत ते खाली जायला हवं. वर काजू, सुपारी आणि कुळागरातली केळी-मिरी. दोडामार्ग भागात काम केलं असेल तर ते नाव घेऊन लिहा. सीमेपलीकडचं पीक तेच आहे, हे वाचणाऱ्याला एका शब्दात कळतं.

आता मुख्य मुद्दा, ४८ लाख. हा आकडा कुठला आहे? कंपनीने डिस्ट्रिब्युटरला बिल केलं तो, की शेतकऱ्याने काउंटरवरून उचलला तो? रेझ्युमेत बहुतेकांचा पहिला असतो. मी हिशेबापुरते आकडे धरतो, तुम्ही तुमचे घाला. दुसऱ्या वर्षी बिल झालं ४८ लाखांचं. त्यातला ७ लाखांचा माल परत आला, समजा त्यात जूनअखेरीस ढकललेला तांबेयुक्त माल बराच होता. उरले ४१. वर्षाच्या सुरुवातीला डीलरांकडे ३ लाखांचा साठा होता, शेवटी ९ लाखांचा. म्हणजे ६ लाखांचा माल अजून फळीवरच आहे. शेतकऱ्याच्या घरी गेला ३५ लाखांचा. आता हेच पहिल्या वर्षाला लावा. बिल ३२, परत २, साठा २ वरून ३ झाला, म्हणजे खरा खप २९. तर वाढ ३२ वरून ४८ अशी पन्नास टक्के नाही, २९ वरून ३५, म्हणजे साधारण २१ टक्के.

इथे लोक म्हणतात, अहो, पण अप्रेझल तर बिलिंगवरच होतं! होतं ना. हा वाद आमच्या धंद्यात जुना आहे आणि तो मला मुळीच पटत नाही. मार्चअखेरीस स्कीम देऊन डीलरच्या गोदामात माल भरणं म्हणजे पुढच्या माणसाच्या पगारातून उचल घेणं. पुढचा माणूस येतो तेव्हा डीलर त्याला खुर्चीसुद्धा देत नाही. आधीचा परतीचा माल घ्या, मग बोलू, एवढंच सांगतो. तुमच्या जाहिरातीत ‘वसुली’ हा शब्द मुद्दाम आलाय, तो इथूनच. माझा अंदाज, त्या टेरिटरीत आधीच्या माणसाने माल भरून ठेवलाय आणि उधारी थकलीय. अशा जागी ‘४८ लाख’ असं ठणकावून लिहिणारा उमेदवार पाहिला की मॅनेजरला आधीचाच माणूस आठवतो. उलट ‘खप २९ वरून ३५ लाख, परत माल ७ लाख, कारण तांब्याचा माल उशिरा पोहोचला, पुढच्या हंगामात तोच माल मेच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचवला’ असं लिहिलंत, तर तो फोन करेल. चूक लिहिली म्हणून नोकरी जात नाही. चूक का झाली ते नेमकं माहीत आहे, हे दिसलं की तुम्ही पुढे जाता. अर्थात पुढच्या हंगामात खरंच सुधारलं असेल तरच तसं लिहायचं, मुलाखतीत बिलांच्या तारखा विचारतात.

उधारीची ओळही द्या. नव्वद दिवसांवरची येणी सुरुवातीला किती होती, आता किती आहेत. हा आकडा कुणी लिहीत नाही, म्हणून तो लगेच डोळ्यात भरतो.

१४ नवे डीलर. यातले किती जणांनी दुसऱ्यांदा माल मागवला? पहिली ऑर्डर ओळखीवर किंवा स्कीमवर मिळते, दुसरी दुकानातून माल उठला तरच. दुसरा प्रश्न परवान्याचा. कीटकनाशक विकणाऱ्याच्या परवान्यावर तुमच्या कंपनीचं प्रिन्सिपल सर्टिफिकेट चढलेलं असावं लागतं. ते चढायच्या आधीच माल ठेवला तर तो नवा डीलर नव्हे, नवी डोकेदुखी. १४ पैकी ९ जणांच्या परवान्यावर कंपनी चढली आणि ६ जणांनी पुन्हा मागवलं असं असेल, तर तसंच लिहा. सत्तरीसारख्या भागात चालती दुकानं मुळात मोजकी. तिथे ‘१४’ वाचून उलट शंका येते.

४० सभा, २५०० शेतकरी, म्हणजे सभेमागे साठ-बासष्ट. जेवण असलं की साठ येतात, त्यात काय. किती जणांच्या बागेत नंतर गेलात, किती डेमो प्लॉट घेतले आणि त्या गावातल्या दुकानातून त्या हंगामात काय उठलं, हे हवं. गोव्यात आणखी एक गोष्ट बघतात ती म्हणजे सभेची वेळ. काजूच्या दिवसांत, फेब्रुवारी ते मे, काजूवाला सकाळी बोंडं गोळा करतो आणि मग भट्टीवर असतो. त्यात शिगमो येतो. गणेशचवथीच्या आठवड्यात तर कुणाला बोलवूच नका. पुष्कळ बागायतदार दिवसा नोकरीला जातात, कुळागर संध्याकाळी आणि रविवारी बघतात. सकाळी अकराच्या सभांची लांबलचक यादी दिलीत, तर या माणसाला गावच कळलं नाही असंच वाटेल. वाळपई आणि डिचोलीच्या विभागीय कृषी कार्यालयाशी काम करायची तयारी दाखवा. इथे कृषी कार्ड आणि सबसिडी यांचा विचार केल्याशिवाय शेतकरी काही विकत घेत नाही.

या सगळ्यातून एक ओळ कशी होते ते बघा. आधीची: ‘सुपारी पट्ट्यात ४० सभा घेऊन डीलर जाळे वाढवले.’ नंतरची: ‘सुपारी, ३ गावं: एप्रिलमध्ये संध्याकाळच्या ६ सभा, १५ मेपर्यंत ४ दुकानांत माल, पहिल्या फवारणीआधी त्यातला तीन-चतुर्थांश खपला, जुलैत दोन दुकानांची पुन्हा ऑर्डर.’ आकडे अर्थात तुमचे. रेझ्युमे इंग्रजीत असला तरी क्रम हाच ठेवा: पीक, वेळ, गाव, दुकान, खप. अशा तीन ओळी पुरे. एक काजूची, एक सुपारीची, एक वसुलीची.

काही गोष्टी उशिरा सांगतोय, पण लक्षात ठेवा. हे सगळं पीकसंरक्षणाच्या मालाला लागू आहे. बियाण्यात साठा हंगामाबरोबर संपतो किंवा परत येतो आणि खतांत माल कसा मिळतो हेच वेगळं प्रकरण, तिथे हिशेब निराळा. मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी एचआर करतं आणि त्यांना एकूण विक्रीचा आकडा हवा असतो. तेव्हा ४८ लाख अगदीच पुसू नका. ‘बिलिंग ४८, खप ३५’ असं शेजारी शेजारी ठेवा. (शीर्षकात मी खोडा म्हटलंय ते रागाने.) आणि सध्याच्या कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरांची नावं, दर, स्कीम यातलं काही कागदावर आणू नका. तुम्ही उद्या आमचंही असंच बाहेर सांगाल, हे वाचणाऱ्याच्या लगेच मनात येतं.

पानांचं म्हणाल तर दीड झालं तरी कुणी मोजत नाही. दुचाकीचा परवाना आहे हे लिहा, आणि कोकणी बोलता येते हेही. मालवणीवर निभतं, पण सत्तरीतल्या दुकानदाराला ते दुसऱ्या वाक्यात कळतं.