बोलून टाइप केलेला मजकूर: आधी तोडा, मग सुधारा

पहिल्याच ओळीपासून चुका दुरुस्त करायला बसू नकोस. मूळ मजकुराची एक प्रत बाजूला ठेव आणि आधी फक्त वाक्यं तोड. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे ‘झाली’, ‘आहे’, ‘नाही’ दिसलं की थांब आणि पुढचा शब्द बघ. तो ‘तर’, ‘की’ किंवा ‘म्हणून’ असेल तर पूर्णविराम देऊ नकोस.

हे बघ: ‘अहवाल वाचला काल बैठक झाली सगळ्यांनी मन मांडलं निर्णय झाला नाही साठ जण आले होते’. यातलं ‘काल’ मागच्या वाक्याचं की पुढच्या? नुसतं वाचून ठरणार नाही, बोलणाऱ्यालाच विचारावं लागेल किंवा ध्वनिमुद्रण असेल तर ऐकावं लागेल. वाक्यं सुटी केलीस की ‘मन मांडलं’ लगेच खटकतं, तिथे ‘मत’ हवं. स्पेलचेक इथे काही कामाचा नाही, कारण ‘मन’ हा शब्द शुद्धच आहे.

खरा धोका ‘साठ’चा. ‘सात’ असलं तरी वाक्य बिनचूकच वाटतं, म्हणून आकडे आणि नावं वेगळ्या फेरीत तपास. ‘त्याने’ आणि ‘त्यांनी’ही त्याच फेरीत बघ, नाहीतर एकाचं काम अनेकांच्या नावावर जातं.

शेवटची फेरी खालून वर, एकेक वाक्य मोठ्याने वाचत कर. सरळ वाचताना डोळा अपेक्षित शब्दच वाचतो. स्वल्पविरामांचा फार विचार करू नकोस, वाचताना अडखळलास तिथे दे.