व्याकरण तपासलं आणि एआयचा शिक्का बसला

प्रश्न: प्रवेशअर्जासोबतचं एसओपी, म्हणजे उद्देशपत्र, मीच लिहिलं, पण व्याकरणाच्या टूलने इंग्रजी सुधारल्यावर डिटेक्टरचा एआय स्कोअर वाढला. असं का?

पुढचा शब्द किती अपेक्षित होता, हे बरेच डिटेक्टर बघतात; जितका अपेक्षित, तितका एआयचा संशय जास्त. आणि टूल नेमका तोच अपेक्षित शब्द सुचवतं. माझ्या भाच्याने लिहिलं होतं, वेल्डिंग शिकताना तीन शर्ट जाळले. टूलने त्याचं ‘आय गेन्ड हँड्स-ऑन एक्सपिरियन्स’ केलं. शर्ट गेले, हजार अर्जांत असतं ते वाक्य आलं! वर लहानमोठी वाक्यं एका मापाची झाली, तोही संशयाचाच मुद्दा.

स्पेलिंग, स्वल्पविराम सुधारल्याने सहसा फार फरक पडत नाही. अख्खं वाक्य बदलणारी सूचना मात्र बहुधा भाषा मॉडेलनेच लिहिलेली असते, ती घेऊ नका. कच्च्या मसुद्याची व्हर्जन हिस्टरी जपून ठेवा, कुणी विचारलंच तर ती दाखवता येते.