ध्वनीची नागमोडी रेघ आणि अनुतरंग-अवतरंगाचा गोंधळ

प्रश्न: मी नववीत आहे. अनुतरंग आणि अवतरंग यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण उदाहरण बदललं की गडबड होते. ध्वनी अनुतरंग आहे असं शिकवलं, मग आकृतीत तो नागमोडी का काढतात? तसा तर अवतरंग दिसतो. आणि सितारीची तार आडवी हलते, तर तिचा आवाज अनुतरंग कसा? रोजच्या उदाहरणांवरून कसं ओळखायचं?

उत्तर:

तुझा पहिलाच प्रश्न वाचला आणि लिहायला बसलोच. माझ्या मुलीचं याच नागमोडी रेघेपायी फार नुकसान झालं आहे. व्याख्या तुला येतात, म्हणून एका ओळीतच सांगतो: माध्यमाचे कण तरंगाच्याच रेषेत हलले तर अनुतरंग, काटकोनात हलले तर अवतरंग. आधी एक सांगतो, मी शिक्षक नाही. पेपरात गुण कशाला मिळतात ते तुझ्या बाईंना किंवा सरांना विचार. खाली लिहितो ते समजण्यासाठी आहे.

मुलगी नववीत असताना एका क्लासला जायची. नाव सांगत नाही. त्यांच्या छापील नोट्समध्ये ध्वनीच्या प्रकरणात एक नागमोडी रेघ होती, त्या रेघेवर हवेचे कण म्हणून ठिपके काढले होते आणि खाली लिहिलं होतं ‘ध्वनितरंग’. म्हणजे हवेचे कण वर-खाली डोलत चालले आहेत असंच चित्र. त्याच पानावर खाली ‘ध्वनी हा अनुतरंग आहे’ हेही छापलेलं. मुलीने दोन्ही पाठ केलं. मी क्लासच्या ऑफिसात जाऊन आकृती दाखवली, तर काउंटरवरून उत्तर मिळालं की नोट्स सगळ्या बॅचना त्याच आहेत, बदलता येणार नाहीत, आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही. शिकवणाऱ्या सरांना भेटू द्या म्हटलं, तर ‘वेळ घेऊन या’. ती वेळ काही मिळाली नाही. अकरावीत तरंगांचं प्रकरण आलं तेव्हा तिच्या डोक्यात ध्वनी अजून वर-खालीच हलत होता आणि सगळं नव्याने उकलावं लागलं. चुकीची आकृती एकदा बसली की ती व्याख्येपेक्षा जास्त टिकते, म्हणून मला याचा इतका राग येतो.

आता ती रेघ काय आहे ते बघू. वही घे आणि माझ्याबरोबर काढ, नुसतं वाचून हे कळत नाही.

एका ओळीत एकेक सेंटिमीटरवर नऊ ठिपके दे आणि त्यांना ० ते ८ असे क्रमांक दे. हे माध्यमाचे कण, अजून तरंग आलेला नाही. तरंग डावीकडून उजवीकडे जाणार आहे. एका क्षणी प्रत्येक कण आपल्या जागेपासून किती सरकला आहे, ते असं धर: ०, २, ४, ६ आणि ८ क्रमांकाचे कण जागेवरच आहेत. १ आणि ५ हे ‘अधिक ४ मिलिमीटर’ सरकलेत, ३ आणि ७ हे ‘उणे ४ मिलिमीटर’.

पहिल्यांदा ‘अधिक’ म्हणजे वर आणि ‘उणे’ म्हणजे खाली असं समजून ठिपके नव्याने काढ. १ आणि ५ वर गेले, ३ आणि ७ खाली आले. ठिपके जोडले की नागमोडी रेघ मिळाली. हा अवतरंग, आणि इथे ती रेघ खरोखरच माध्यमाचं चित्र आहे. दोरीचा त्या क्षणी फोटो काढला तर ती अशीच दिसेल.

आता तेच आकडे घे, पण ‘अधिक’ म्हणजे उजवीकडे आणि ‘उणे’ म्हणजे डावीकडे. सगळे ठिपके ओळीतच राहतात, कोणी वर-खाली जात नाही. १ क्रमांकाचा कण १.४ सेंटिमीटरवर गेला, ३ क्रमांकाचा २.६ वर आला, ५ चा ५.४ वर, ७ चा ६.६ वर. आता दोन ठिपक्यांमधली अंतरं मोज: १.४, ०.६, ०.६, १.४, आणि पुन्हा तसंच. २ आणि ६ या कणांपाशी दाटी झाली, तिथे संपीडन. ०, ४ आणि ८ पाशी ठिपके विरळ झाले, तिथे विरलन. हा अनुतरंग.

म्हणजे आकडे तेच होते, फक्त सरकण्याची दिशा बदलली. तरंगलांबीही दोन्हींत ४ सेंटिमीटरच आली: अवतरंगात १ पासून ५ पर्यंत, एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि अनुतरंगात २ पासून ६ पर्यंत, एका संपीडनापासून दुसऱ्यापर्यंत.

आणि हेच आकडे आलेख-कागदावर मांडले, आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर कण किती सरकला ते, तर दोन्ही तरंगांसाठी आलेख नागमोडीच येतो. ध्वनीची म्हणून दिसते ती रेघ असा आलेख असते, हवेचं चित्र नव्हे. पुस्तकात बहुधा उभ्या अक्षावर हवेची घनता किंवा दाब असतो: रेघ वर असेल तिथे हवा दाट, खाली असेल तिथे विरळ. म्हणून नागमोडी रेघ दिसली की आधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाच. अक्षच काढलेले नसतील, तर ती आकृती अर्धवट आहे असं माझं स्पष्ट मत आहे, मग ती कोणाच्याही नोट्समध्ये असो. (तुझ्या वहीत अजून एक गंमत दिसेल. २ क्रमांकाचा कण जागचा हललाच नाही, तरी सगळ्यात जास्त दाटी त्याच्याभोवती आहे, कारण दोन्ही शेजारी त्याच्याकडे सरकले. म्हणून ‘किती सरकला’चा आलेख आणि ‘किती दाट’चा आलेख एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. नववीला हे कोणी विचारणार नाही.)

ध्वनीत कण खरंच किती हलतात, याचाही अंदाज असू दे. २५६ हर्ट्झचा स्वर हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर वेगाने जातो, म्हणजे त्याची तरंगलांबी ३४४ भागिले २५६, साधारण १.३४ मीटर. नेहमीच्या बोलण्याइतक्या आवाजात हवेचा कण पुढे-मागे सरकतो ते मात्र केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. वहीतले ४ मिलिमीटर केवळ डोळ्यांना दिसावेत म्हणून घेतले.

आता उदाहरणं ओळखण्याबद्दल. मी फक्त दोन प्रश्न विचारतो: तरंग कुठल्या दिशेने चाललाय, आणि माध्यमाचा एक तुकडा कुठल्या रेषेत हलतोय? एकाच रेषेत असतील तर अनुतरंग, काटकोनात असतील तर अवतरंग. ‘वर-खाली म्हणजे अवतरंग’ हे सूत्र मात्र पूर्ण विसर, मुलं सगळ्यात जास्त तिथेच फसतात. स्लिंकी नावाची लांब स्प्रिंग मिळते, ती फरशीवर ताणून ठेव, मधल्या एका वेढ्याला लाल रिबिनीचा तुकडा बांध आणि दुसरं टोक कोणाला तरी घट्ट धरायला सांग. तुझं टोक फरशीवरच झटकन डावीकडे-उजवीकडे हलव. रिबीन डावी-उजवी हलते, वर-खाली अजिबात नाही, तरी हा अवतरंगच. मग टोक समोरच्या दिशेने ढकलून मागे घे. दाट वेढ्यांचा पट्टा पुढे धावतो, रिबीन त्याच रेषेत जराशी पुढे जाऊन परत जागेवर येते. हा अनुतरंग. आता स्पीकर छताकडे तोंड करून ठेवलाय असं समज. त्याचा पडदा वर-खाली हलतो, पण आवाजही वरच चाललाय. म्हणजे वर-खाली हलूनही अनुतरंग. (स्लिंकी शक्यतो धातूची घे, प्लॅस्टिकच्या हलकीत संपीडन नीट दिसत नाही. आणि फार ताणू नकोस, एकदा वाकली की ती कायमची बिघडते.)

सितारीचं उत्तरही याच दोन प्रश्नांत आहे, फक्त ते दोनदा विचारायचे. तारेवरचा तरंग तारेच्या लांबीने धावतो आणि तारेचा तुकडा तिला आडवा हलतो, म्हणून तारेत अवतरंग. तार जिच्यावर टेकलेली असते त्या घोडीला हलवते, घोडी खालच्या लाकडी तबलीला, आणि तबली समोरची हवा ढकलते नि ओढते. त्या हवेतून तुझ्या कानाकडे येतो तो अनुतरंग. माध्यम बदललं, तरंगाचा प्रकारही बदलला. ‘सितारीचा तरंग कोणता?’ असं विचारलं, तर तारेतला की हवेतला हे आधी स्पष्ट कर आणि मगच लिही.

हवेत अवतरंग का होत नाही, हे भूकंपावरून छान कळतं. हवेचा किंवा पाण्याचा एक थर दुसऱ्यावरून बाजूला सरकवला तर तो परत जागेवर यायला धडपडत नाही, दाबला तर मात्र उलटा जोर लावतो. खडक दोन्हींना विरोध करतो, म्हणून भूकंपात दोन्ही तरंग निघतात. पी तरंग अनुतरंग असतात, कवचातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जातात. एस तरंग अवतरंग, साधारण ३.५ किलोमीटर. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घे. पुणे तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. भागाकार केलास तर पी पोचायला सुमारे २१ सेकंद, एसला ३६, म्हणजे मध्ये १५ सेकंदांचं अंतर. भूकंपमापकाच्या नोंदीतल्या याच अंतरावरून केंद्र किती लांब आहे ते काढतात. एस तरंग द्रवातून जात नाहीत, आणि पृथ्वीचा बाह्य गाभा द्रव आहे हे त्यावरूनही कळतं.

राहिलं पाणी. पुस्तकात तळ्यात खडा टाकल्यावरच्या लाटा अवतरंग म्हणून दिलेल्या असतात, पेपरात तसंच लिही. प्रत्यक्षात पृष्ठभागावरचं पाणी वर-खालीही होतं आणि पुढे-मागेही, खोल पाण्यात कण जवळपास गोल फिरतो. समुद्रात तरंगणारी बाटली उंचवट्यावर किंचित किनाऱ्याकडे येते आणि खळग्यात मागे जाते, ती यामुळेच. आणि प्रकाशाला रिबिनीची कसोटी लावू नकोस. तिथे हलणारे कणच नाहीत, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं दिशेला काटकोनात बदलतात, म्हणून तो अवतरंग.

नऊ ठिपक्यांची आकृती काढलीस की फोटो इथे टाक. दाटी २ आणि ६ पाशी न येता ०, ४ आणि ८ पाशी आली असेल, तर १, ३, ५ आणि ७ कुठल्या बाजूला सरकवलेस ते आधी तपास.