वहीतला शके १७१७ आणि सिंहस्थ

«चिकोडीकडच्या आमच्या देसाई घराण्याचा लेख त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वहीत सापडला. "शके १७१७ सौम्यनाम संवत्सरे श्रावण, सिंहस्थ" असा मजकूर आहे. पण घरच्या वंशावळीत तेच पूर्वज १७९२ साली वारले, असे आहे. खरे कोणते?»

आधी आकडा बाजूला ठेवून संवत्सराचे नाव तपासावे. शकात १२ मिळवून ६० ने भागल्यावर जी बाकी उरते, तो प्रभवापासूनचा क्रमांक. १७१७ ची बाकी ४९ येते, म्हणजे राक्षस संवत्सर. सौम्य ४३ वा असून तो शके १७११ ला पडतो. श्रावणापुरते ७८ मिळवले की इसवी सन १७८९ मिळते, आणि त्याच वर्षी सिंहस्थ होता. (पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात.) १७९५ साली गुरू सिंहेत असणे शक्यच नव्हते. दोन स्वतंत्र खुणा १७११ कडे बोट दाखवतात, तेव्हा शेवटचा ७ हा मुळात १ असावा, असेच मी म्हणेन.

ही चूक बहुधा यात्रेकरूची नसून नक्कल करणाऱ्याची असते. जुनी वही जीर्ण झाली की उपाध्ये ती नव्या वहीत उतरवून काढत. फोटोत शेजारच्या दोन-तीन वेगळ्या घराण्यांचे लेख पाहा: सगळ्यांचे मोडी वळण आणि शाई एकच असेल, तर तुम्ही नक्कल वाचत आहात. मूळ लेखात हस्ताक्षर प्रत्येक यजमानाचे किंवा त्याच्या कारकुनाचे असते आणि ते उघड बदलते. शक्य असल्यास जुनी वही दाखवण्याची विनंती करावी.

तरीही एक मर्यादा ध्यानात ठेवा. या लेखाने ते पूर्वज १७८९ मध्ये हयात होते एवढेच ठरते. १७९२ हे मृत्यूचे साल त्याला बाधत नाही, पण सिद्धही होत नाही. नावांबाबत अधिक जपून राहावे, कारण आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे दोन माणसे सहज एक होतात, आणि दत्तक मुलगा वहीत बहुधा नुसता मुलगा म्हणूनच येतो. अशा वेळी श्राद्धासाठी सांगितलेली आई, आजी आणि पणजी यांची नावे उपयोगी पडतात. आमच्या एका नातलगाच्या घरी दोन पिढ्यांची सरमिसळ आजीच्या नावावरूनच सुटली.

वंशक्रमाला दुसरा आधार हवा असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागारात इनाम चौकशीचे कागद पाहा. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभारात असल्याने तिकडचे पुष्कळ दप्तर पुण्यातच राहिले आहे. त्यातल्या वंशावळी मात्र इनाम टिकवण्यासाठी हक्कदारांनी स्वतःच दिलेल्या असतात, म्हणून दत्तकाचा उल्लेख तिथे काय आहे, ते वहीशी ताडून पाहावे. दोन्हीकडे जुळलेली नावे पक्की धरा. फक्त एकीकडे आलेली पेन्सिलने लिहून ठेवा.