१००! च्या शेवटी २४ शून्यं कुठून येतात?

प्रश्न: "१०० ला ५ ने भागलं तर २० येतात, मग १००! च्या शेवटी २४ शून्यं कशी? २५ ने परत का भागायचं? आणि २ कुणी मोजतच नाही, ते का? मी जावामध्ये आधी फॅक्टोरियल काढून शेवटची शून्यं मोजली, तर २५! साठी शून्य उत्तर आलं. कॅम्पस प्लेसमेंटची तयारी करतोय, मुंबई."

दादरला ॲप्टिट्यूडचे क्लास घेतो. हे गणित दर बॅचला येतं आणि अडतात सगळे तू अडलास तिथेच, म्हणजे २५ पाशी. म्हणून तेच नीट सांगतो.

आधी २ चं. शेवटचं एकेक शून्य म्हणजे संख्येतून एकेकदा निघणारा १०, आणि १० बनायला एक २ आणि एक ५ लागतो. फॅक्टोरियलमध्ये २ ढिगाने असतात. दर दुसरी संख्या एक २ देते, दर चौथी आणखी एक, दर आठवी आणखी एक. १००! मध्ये २ हा अवयव ९७ वेळा येतो आणि ५ फक्त २४ वेळा. जोड्या तेवढ्याच लागतील जेवढे ५ आहेत, उरलेले २ तसेच पडून राहतील. कोणताही n घेतलास तरी २ कधीच कमी पडत नाहीत, म्हणून ते मोजायची गरज नाही.

आता ५. लालबागमध्ये १ ते १३० नंबरच्या खोल्यांची एक चाळ आहे असं धर. पोरं गणपतीची वर्गणी गोळा करायला निघाली आहेत. प्रत्येक खोलीकडे तिच्या नंबरात ५ हा अवयव जितक्यांदा आहे तितक्याच पाचाच्या नोटा आहेत. ३५ नंबरकडे एक नोट, कारण ३५ = ५ × ७. ५० नंबरकडे दोन, कारण ५० = २ × ५ × ५. १२५ नंबरकडे तीन. ३६ कडे एकही नाही. पोरांचा नियम एवढाच, की एका फेरीत एका दारातून एकच नोट घ्यायची.

पहिल्या फेरीत ५, १०, १५ असं करत १३० पर्यंतची दारं वाजतात. ती २६ आहेत, म्हणून २६ नोटा. पण काही दारांत अजून नोटा शिल्लक आहेत. दुसऱ्या फेरीत २५, ५०, ७५, १०० आणि १२५ ही पाच दारं प्रत्येकी एक नोट देतात. तिसऱ्या फेरीत फक्त १२५ कडे एक उरलेली असते. चौथ्या फेरीला ६२५ नंबरची खोली लागेल, ती या चाळीत नाही. एकूण २६ + ५ + १ = ३२. म्हणजे १३०! च्या शेवटी ३२ शून्यं.

तू फक्त पहिली फेरी करून थांबलास. १०० साठी पहिल्या फेरीत २० येतात, दुसऱ्या फेरीत २५, ५०, ७५ आणि १०० हे चार, मिळून २४. २५ ने भागताना आपण २५ ला "दोनदा" मोजत नाही. त्याच्याकडची दुसरी नोट घेतो, जी आधी घेतलेलीच नव्हती.

हातानं करताना २५, १२५, ६२५ हे घात आठवत बसू नकोस. आलेल्या भागाकारालाच पुन्हा ५ ने भाग आणि बाकी सोडून दे. १३० भागिले ५, २६. २६ भागिले ५, ५ (बाकी १, सोडली). ५ भागिले ५, १. मग शून्य, थांबायचं. हे का चालतं ते चाळीतच दिसतं. पहिल्या फेरीनंतर वाजवलेल्या २६ दारांना नवे नंबर दे: ५ ला १, १० ला २, असं करत १३० ला २६. आता नोट उरली आहे ती कुणाकडे? ज्याचा नवा नंबर ५ ने भागला जातो त्याच्याकडे, म्हणजे नवे ५, १०, १५, २०, २५, जे जुने २५, ५०, ७५, १००, १२५ आहेत. तोच प्रश्न १३० ऐवजी २६ खोल्यांच्या चाळीसाठी पुन्हा विचारला, इतकंच. या मोजणीला लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखतात आणि ती ५ च्या जागी कोणत्याही मूळ संख्येला चालते.

आता तुझा कोड. जावाच्या `long` मध्ये २०! पर्यंतच मावतं. त्यापुढे वरचे बिट गळून पडतात आणि एरर काहीच येत नाही, हे जास्त वाईट. खरं २५! हे 15511210043330985984000000 आहे, शेवटी सहा शून्यं. तुझ्या `long` मध्ये उरतं 7034535277573963776, शेवटी ६. मोजायला एकही शून्य नाही, म्हणून उत्तर शून्य. तुझं मोजणं बरोबर होतं, मोजायला घेतलेली संख्या चुकीची होती. फॅक्टोरियल काढूच नकोस:

```java
long zeros(long n) {
    long total = 0;
    while (n > 0) {
        n = n / 5;
        total += n;
    }
    return total;
}
```

बरेच जण याऐवजी `p = 5` ठेवून दर वेळी `p = p * 5` करतात. `p` जर `int` असेल तर 5 चा तेरावा घात, 1220703125, हा मावणारा शेवटचा. पुढचा घात गुंडाळून 1808548329 होतो. n जर २०० कोटी असेल तर हा आकडा n पेक्षा लहानच दिसतो, लूप थांबत नाही आणि उत्तरात भलतं काहीतरी मिळवलं जातं. वरच्या पद्धतीत n लहानच होत जातो, त्यामुळे हा धोकाच नाही.

पायथॉनमध्ये लिहिशील तर `//` वापर. `/` ने बाकी सुटत नाही, ती अपूर्णांक होऊन बेरजेत येते आणि १०० साठी उत्तर २४ ऐवजी २५ च्या आसपास जातं. हे २५ कुठून आलं? बाक्या सोडल्याच नाहीत तर n/5 + n/25 + n/125 ही न संपणारी बेरीज बरोबर n/4 होते. यातून परीक्षेत कामाची एक पडताळणी मिळते: खरं उत्तर n/4 पेक्षा नेहमी थोडं कमीच असतं. १३० साठी ३२.५ आणि उत्तर ३२. १००० साठी २५० आणि उत्तर २४९ (२०० + ४० + ८ + १). तुझं २० हे २५ पासून बरंच खाली होतं, तिथेच शंका यायला हवी.

उलटा प्रश्नही विचारतात: कोणत्या n साठी शेवटी नेमकी ५ शून्यं येतील? कोणत्याच नाही. २४! ला ४ आहेत आणि २५! ला एकदम ६, कारण २५ दोन नोटा घेऊन येतो. तसंच १२४! ला २८ आणि १२५! ला ३१, म्हणजे २९ आणि ३० कधीच मिळत नाहीत. पर्यायांत "असा n नाही" दिसला तर तो लगेच खोडू नकोस, आधी जवळचा २५ चा पट तपास.