परदेशात बँक खातं उघडताना आधी पत्त्याचा कागद मिळवा

प्रश्न: शिकायला परदेशात जातोय. घरमालक बँक खातं मागतोय आणि बँक घराचा पत्ता मागतेय. खातं कसं उघडायचं, झटपट पायऱ्या सांगाल का?

पासपोर्ट आणि व्हिसा तुमच्याकडे आहेच. गाडी अडते ती पत्त्याच्या पुराव्यावर, आणि तो बऱ्याचदा विद्यापीठच देतं. म्हणून बँकेच्या आधी विद्यार्थी कार्यालय गाठा.

विद्यापीठाच्या पोर्टलवर तुमचा तिथला पत्ता खोली क्रमांकासकट भरा. तो भरला की 'बँकेसाठी पत्र' मागा. नुसतं प्रवेशपत्र दाखवून सहसा भागत नाही, कारण त्यावर मायदेशातला पत्ता असतो. पत्र लेटरहेडवर हवं आणि त्यात तारीख, सही, अभ्यासक्रमाचं नाव, तो सुरू होण्याची नि संपण्याची तारीख आणि तिथला पत्ता हवा. काही बँकांना पत्रावर त्यांचं नाव लागतं, म्हणून बँक आधी ठरवा.

पत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून पासपोर्टशी ताडून बघा. पासपोर्टवर तीन शब्दांचं नाव आणि पत्रावर दोनच, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो. दुरुस्ती तिथल्या तिथे करून घ्या.

देशागणिक थोडा फरक पडतो. ब्रिटनमध्ये अशी पत्रं सर्रास मिळतात. जर्मनीत पत्त्याची सरकारी नोंदणी करून तिचा दाखला घ्यावा लागतो. बऱ्याच बँका तोच मागतात. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अनेक बँका पासपोर्टवर खातं उघडतात, फक्त त्यासाठी शाखेत जावं लागतं.

शाखेत जायच्या आधी अपॉइंटमेंट घ्या. खातं साधं आणि महिन्याचं शुल्क नसलेलं मागा. किमान किती रक्कम ठेवावी लागते तेही विचारा. क्रेडिट कार्ड पुढे केलं तर घाईने सही करू नका. फॉर्मवर 'कर कुठे भरता' हा रकाना असतो, त्यासाठी मायदेशातला कर क्रमांक जवळ ठेवा.

खातं उघडलं तरी कार्ड आणि पिन बहुधा वेगवेगळ्या टपालाने येतात. सामायिक घरात टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर पाकीट परत जातं, म्हणून नावाची चिठ्ठी आधीच चिकटवा. तोवर खर्चासाठी मायदेशातून आणलेलं कार्ड चालू ठेवा. घरमालकाला मात्र थांबवायची गरज नाही. खाते क्रमांक मिळाला की त्याला लगेच कळवता येतो.

घरून पैसे मागवताना पहिल्यांदा छोटी रक्कम मागवा. मधल्या बँकेने किती कापले ते त्यावरून कळतं, आणि फीची रक्कम मागवताना तेवढी भर घालता येते.

आणि एक कळकळीने सांगतो: "माझे पैसे तुझ्या खात्यातून फिरव, थोडे तू ठेव" असं कोणीही, अगदी वर्गमित्राने म्हटलं तरी साफ नाही म्हणा. ते पैसे फसवणुकीचे निघाले तर खातं गोठतं आणि पोलीस चौकशी तुमची होते.