एनएव्ही: खरेदीच्या क्षणी न दिसणारा भाव

प्रश्न: म्युच्युअल फंडाचा एनएव्ही, म्हणजे त्याच्या एका युनिटचा भाव, रोज नेमका कसा काढतात?

बाजार बंद झाला की फंडाकडचा प्रत्येक शेअर आणि रोखा त्या दिवसाच्या भावाने मोजतात. समजा, ही रक्कम 98 कोटी रुपये आली. हातातली रोकड आणि येणी अडीच कोटी, म्हणजे एकूण 100.5 कोटी. त्यातून देणी वजा करायची. घेतलेल्या शेअरचे द्यायचे पैसे आणि साठलेला खर्च मिळून ती 50 लाख आहेत असे धरू. उरले 100 कोटी. लोकांकडे 4 कोटी युनिट असतील तर एनएव्ही 25 रुपये.

फंडाचा खर्च वर्षाअखेरी एकदम कापत नाहीत. वार्षिक 1.825 टक्के खर्च असेल तर 100 कोटींवर दिवसाला 50 हजार रुपये देण्यांत धरले जातात. म्हणून जाहीर झालेला एनएव्ही खर्च वजा जाऊनच आलेला असतो. परताव्यातून तो पुन्हा वजा करू नका.

प्रश्न: सकाळी 25 रुपये बघून 10 हजार भरले, पण युनिट 25.40 ने मिळाले. ही फसवणूक नाही का?

नाही. तुम्ही पाहिलात तो आदल्या दिवसाचा आकडा. कट-ऑफ वेळेआधी अर्ज आणि पैसे दोन्ही फंडाकडे पोचले, तर त्या दिवशी बाजार बंद झाल्यावर निघणारा एनएव्ही लागतो. नंतर पोचले तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा. त्यामुळे तुम्हाला 400 ऐवजी 393.701 युनिट मिळाले. बाजार पडला असता तर हाच नियम तुमच्या पथ्यावर पडला असता.

फंडाने जुन्या भावाने युनिट विकले तर काय होईल ते पाहा. दिवसभरात फंडाची मालमत्ता 101.6 कोटी झाली. ती तेजी पाहून एकाने 10 कोटी आणले आणि 25 च्या भावाने 40 लाख युनिट घेतले. आता 111.6 कोटी रुपये 4.4 कोटी युनिटांत वाटले जातील आणि एनएव्ही 25.36 निघेल. जुन्या युनिटधारकांचे सुमारे साडेचौदा लाख रुपये एका दिवसात पाहुण्याच्या खिशात! अमेरिकेत 1968 पासून पुढच्या भावाचाच नियम आहे. तरीही बाजार बंद झाल्यावर आलेले अर्ज त्याच दिवसाच्या भावाने घेतल्याची प्रकरणे 2003 मध्ये तिथे उघडकीस आली.

प्रश्न: 12 रुपयांचा फंड 120 रुपयांच्या फंडापेक्षा स्वस्त म्हणायचा का?

अजिबात नाही. दोन्हींत 10 हजार घाला. आतले शेअर 10 टक्के वाढले तर खर्चाआधी दोन्हीकडे 11 हजारच होतात. एकात युनिट जास्त, दुसऱ्यात कमी, एवढाच फरक. शेअर त्याच्या खऱ्या मोलापेक्षा कमी भावात मिळू शकतो, पण युनिट तुम्ही आतल्या मालाच्या त्या दिवशीच्या मोजलेल्या किमतीलाच घेता.

प्रश्न: काही रोख्यांचे रोज व्यवहारच होत नाहीत. त्यांचे काय?

त्यांची किंमत सारख्या मुदतीच्या आणि पतीच्या रोख्यांवरून अंदाजाने ठरवतात. एनएव्हीचा कच्चा दुवा इथेच आहे. रोखे फंडाची सरळ चढणारी रेषा एके दिवशी अचानक खाली तुटली, तर बहुधा कुठल्या तरी कर्जदाराची पत घसरलेली असते आणि अंदाज उशिरा दुरुस्त झालेला असतो.